कोनाड्याकडे बघणारं पोरगं

मोरबी, ३ मार्च

चि. मयुरीस,
अ. आ.

तू पुन्हा जितूकाकांचीच बाजू घेतलीस. फोनवर मी ओरडतो, तू रडतेस, म्हणून लिहून विचारतो. काकांनी कादंबरी लिहिली, वर सही करून मला इथे टाइल्सच्या कारखान्यावर पाठवली, आणि पान ८८ वर मला चोर केलं. नाव वना ठेवलं म्हणून काय झालं? बाप मेलेला, आई चुलीपाशी, पोरगा घर सोडून गेला आणि त्याच दिवशी सोन्याची पोत गायब. आपल्या असोद्यात शेंबडं पोरही ओळखेल.

छापलंय बघ: "पोत दुसरं कोण नेणार होतं? पोरगं परवापासून पाणी प्यायला आलं तरी आधी कोनाड्याकडे बघायचं. आता बोलायचं तरी कोणाला?"

मी नववी नापास, पण वाचता येतं मला. आखाजीच्या सणाला घरी येणार नाही. आलो तर आधी जळगावला उतरून काकांची कॉलर धरीन. धुळ्याच्या कॉलेजात मोठी पुस्तकं वाचतेस ना, मग सांग, हे काकांनी म्हटलं नाही तर कोणी म्हटलं?

तुझा,
पियुष

धुळे, ११ मार्च

ती. भाऊस,
शि. सा. न. वि. वि.

कॉलर सोड, पुस्तक धर. ही वाक्यं काकांची नाहीत, गोष्ट सांगणाऱ्याचीही नाहीत. ती यशोदेच्या, म्हणजे वनाच्या आईच्या मनातली आहेत. "तिला वाटलं" असं लिहिलेलं नाही, अवतरणचिन्हंही नाहीत, म्हणून तू फसलास. लेखक असं मुद्दाम करतात. सांगणारा न सांगता बाजूला होतो आणि पात्राचं मन बोलायला लागतं.

कसं ओळखायचं? सांगणारा पुस्तकभर त्याला "वना" म्हणतो, इथेच तो "पोरगं" झाला. "परवापासून" हे दिवस यशोदेच्या आजपासून मोजलेत. सांगणाऱ्याला खरं माहीत असतं, तो कशाला प्रश्न विचारेल? तरी एकेका खुणेवर जाऊ नकोस, लेखकही कधी गंमत करतात. सगळं मिळून बघ. आधीचं वाक्य काय आहे? "यशोदा चुलीपुढून उठली नाही." म्हणजे आपण तिच्याच डोळ्यांनी बघतोय. मग तिथे "मी" घालून वाच: आता मी बोलायचं तरी कोणाला. बसतं की नाही?

आणि वनाने पोत उचलली असं सांगणारा कुठेच दाखवत नाही. म्हणजे ती चोरी नव्हे, नुसता एका बाईचा संशय. पुस्तक तुला चोर म्हणत नाही, भाऊ. आता तरी आखाजीला ये. आई आत्तापासून पुरणाचं बघतेय, झोकाही बांधून ठेवणार आहे. लोभ आहेच, तो चिडून कमी करू नकोस.

तुझी,
मयुरी

मोरबी, २२ मार्च

चि. मयुरीस,
अ. आ.

तुझं बरोबर निघालं. तीन रविवार वाचतोय हे पुस्तक, काल तुझ्या पद्धतीने वाचलं. काकांवरचा राग गेला. त्यांना सांग, कॉलर शाबूत आहे.

पण तू शिकवलंस आणि स्वतः अर्ध्यात थांबलीस. संशय यशोदेचा, बरं. मग काकांना तो मिळाला कुठून? मी निघालो त्या आठवड्यात पाण्याला आलो की कोनाड्याकडे बघायचो, हे खरंय. आबा गेल्यापासून तिथे त्यांचा फोटो होता. जातो म्हणून त्यांना सांगत होतो, दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नव्हती. फोटोमागे पोत ठेवलेली असायची, हे मला पुस्तकातून कळलं. पण मी बघायचो हे दिसणार कोणाला? काका जळगावला, तू शाळेत. माठ, कोनाडा आणि मी, तिन्ही एका नजरेत चुलीपुढूनच दिसतात. तिथे एकच बाई बसायची. ती मला सहा वर्षं फोनवर सांगते की तिने माझ्यावर कधी संशय घेतला नाही.

मी दर पहिल्या तारखेला घरी पैसे पाठवतो, आता पुढे पान ११२ बघ. "पहिल्या तारखेला पैसे आले. फेडतोय बिचारा, फेडू दे." मी "तिच्या मनात आलं" लावून बघितलं. बसलं गं. सांगणाऱ्याचं धरलं असतं तर काकांना शिव्या देऊन मोकळा झालो असतो. ते दार तूच लावलंस.

तुझी चूक नाही. पण लेखकाने काही बनवलं असेल, असं लिहून मला समजवू नकोस. बनवलेलं मी ओळखतो, वना रडतो ते सगळं बनवलेलं आहे.

आखाजीला येत नाही. आईला यातलं काही विचारू नकोस, ती नाही म्हणेल आणि मला तेही वाचता येईल. झोका तू खेळ. पैसे मात्र थांबवत नाही, तिच्या गोळ्या आहेत. फक्त आता माझ्याकडून आले असं सांगू नकोस. तुझी शिष्यवृत्ती म्हणून दे. जीव लावतेस तसा लावत राहा.

तुझा,
पियुष

ता. क. पैसे या वेळी आधीच तुझ्या खात्यावर टाकले आहेत, नेहमीचेच, चार हजार.