आप्पांची कवळी

राहाता,
ता. ६ जानेवारी १९४१

चि. सौ. शोभा हिस,
मार्तंडचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू तेराव्यानंतर नगरला गेलीस आणि घर एकदम शांत झाले. मला शांतता चालते, हे तुला माहीत आहे. पण ही जरा जास्त आहे. कामावर रुजू झालो. शाळेतली मुले दोन दिवस माझ्याकडे पाहून फार शहाण्यासारखी वागली. आता पूर्ववत झाली आहेत.

एक अडचण आली आहे. आप्पा आजारात कवळी काढून ठेवत, ती देवळीत पितळेच्या वाटीत पाण्यात राहिली. त्यांना नेले त्या दिवशी कुणाच्याच लक्षात आले नाही. तेराव्यानंतर आईने मला सांगितले की, जाण्याच्या दोन दिवस आधी आप्पांनी तिला बजावले होते, "माझे दात दाऊदला दे. त्याच्या तोंडात एक दात उरला नाही. चांगली वस्तू फुकट जायला नको." शेजारचे दाऊदचाचा कापूस पिंजता पिंजता चाळीस वर्षे आप्पांशी भांडत आले. आप्पांना त्यांची काळजी वाटणारच.

आप्पांना शेवटपर्यंत 'नरसू' म्हणणाऱ्या अंबिकाआत्याने हे ऐकले आणि घरात नवे सुतक आल्यासारखे झाले. आधी ती म्हणाली, त्यातून रोग होईल. मी म्हणालो, उकळून देऊ. मग म्हणाली, मेलेल्याची वस्तू तोंडात घातली तर आयुष्य कमी होते. मी म्हणालो, आप्पांचे धोतरजोडे आपण वाटले, ते नेणारे धडधाकट आहेत. शेवटी म्हणाली, "कुणाला काही होत नाही म्हणून काहीही करायचं का रे?" खरे कारण हेच होते. आधीची दोन तिने माझ्या समाधानासाठी शोधली होती.

भटजींना विचारले. ते म्हणाले, अस्थी पुणतांब्याला गोदावरीत गेल्या, दात राहिले असते तर पाठोपाठ धाडता आले असते, पण हे दात अस्थी नव्हेत. मग हे भांडे समजायचे का? धातूचे भांडे चिंच-राखेने आणि अग्नीने शुद्ध होते. मातीचे उष्टे झाले की टाकून द्यायचे. कवळीत दात चिनी मातीचे, हिरडी लाल रबराची आणि आकडा सोन्याच्या तारेचा. सोने विटाळत नाही. म्हणजे तार शुद्ध, दात उष्टे, आणि रबराबद्दल भटजी नगरला गुरुजींना विचारून सांगणार आहेत.

यात हसण्यासारखे पुष्कळ आहे, पण आई भाकरीला शिवलेली नाही. यजमानांचा शब्द पुरा होईपर्यंत दूध आणि एखादे केळे, एवढेच. मला वाटले होते दुःखाने जेवत नाही. तसे नाही, तिने ठरवले आहे. काय करावे ते सुचव. तुझ्या घरी सर्वांना यथायोग्य. आहे ती माया तशीच असू दे.

तुझा,
मार्तंड

---

नगर,
ता. ११ जानेवारी १९४१

ती. रा. दादा यांस,
शोभाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग आईचं वाचलं आणि हसल्याची लाज वाटली. मग रबर आठवून पुन्हा हसले.

भाजी घेऊन येताना मिशनच्या दवाखान्यात त्या दाताच्या साहेबांकडे गेले. त्यांना मराठी छान येतं, फक्त सगळ्यांना 'तू' म्हणतात. ते म्हणाले, एकाची कवळी दुसऱ्याच्या जबड्यावर नीट बसत नाही, पण दात तेच ठेवून रबर नव्याने करता येईल. उकळल्यावर धोका काही नाही. ज्यात कुणाला इजा नाही आणि कुणाची फसवणूक नाही, त्यात वाईट काय, असं विचारलं. मला पटलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या पिशवीकडे गेलं. ती मी टेबलावरच्या एका जाड काळ्या पुस्तकावर ठेवली होती. ते बायबल होतं. त्यांनी पिशवी हळूच उचलून खुर्चीवर ठेवली आणि रुमालाने पुस्तक पुसलं. दादा, पिशवीत नुसती वांगी होती, तीही कोरडी. पुस्तकाला काही इजा झाली नव्हती आणि वांग्यांची फसवणूकही नव्हती. माझा पाय पुस्तकाला लागला तर मीही नमस्कार करतेच.

घरी हे सांगितलं तर तुझे मेहुणे लष्कराच्या कचेरीतलं घेऊन बसले. त्यांचा कॅप्टन सकाळी यांच्या वेगळ्या डब्याला हसला. म्हणाला, कुणाच्या हातचं खाल्लं याने काय बिघडतं. दुपारी शिपायाने कोठीतला जुना, फाटका झेंडा टाइपरायटरवर धूळ बसू नये म्हणून झाकला. साहेब लालेलाल. तो झेंडा देवळासारखा जपून तसाच जीर्ण होऊ द्यायचा असतो म्हणे. त्याखाली माणसं मेलेली असतात. शिपायाला शिक्षा म्हणून आठ दिवस जादा कामं लागली. हे म्हणतात, कॅप्टनचंही सोवळं आहेच, फक्त ते स्वयंपाकघरात नसून कोठीत आहे. आणि यांचं स्वतःचं मत? आप्पांची वस्तू घराबाहेर देणं म्हणजे आप्पांना बाहेर देणं. म्हणजे आत्याला विटाळ नको, यांना घराशी बेइमानी नको, आईला नवऱ्याचा शब्द मोडायला नको. डॉक्टर सोडून कुणीच इजेबद्दल बोलत नाही.

माझं म्हणणं, तीनदा उकळ आणि देऊन टाक. मग आईला ओरडून सांग, आता भाकरी खा म्हणून. माया असावी, वेळप्रसंगी ओरडणंही असावं.

तुझी,
शोभा

---

राहाता,
ता. १७ जानेवारी १९४१

चि. सौ. शोभा हिस,
मार्तंडचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या सांगण्यावरून तीन वेळा उकळली. रबराला वास आला आणि आत्याने ते पातेले माझ्या नावाने बाजूला काढले. मी शिकलेला माणूस आहे, डॉक्टरांचे मला पूर्ण पटते. तरी उकळलेली कवळी उचलताना मी हाताला फडके गुंडाळले. का, ते सांगता येणार नाही.

संध्याकाळी वाटी घेऊन दाऊदचाचांकडे गेलो. आप्पांची इच्छा सांगितली. ते इतके रागावले की मला वाटले आप्पाच बोलत आहेत. आप्पांना ते मास्तर म्हणत. म्हणाले, "मास्तर माझा दोस्त हुता. त्याच्या दातानं मी मटन खाऊ व्हय?" मी म्हणालो, मटणच खायला पाहिजे असे नाही. ते त्यांना आवडले नाही.

त्यांचा मुख्य राग वेगळाच निघाला. त्यांच्यात माणसाचे पडलेले दात, कापलेले केससुद्धा मातीत पुरतात. देह ज्याचा त्याला पोचता करायचा. हे दात अकरा वर्षे आप्पांच्या तोंडात होते, म्हणजे आप्पांचेच. ते घरी ठेवून आम्ही आप्पांना बोळक्या तोंडाने धाडले, हा आमचा गुन्हा. विकत घेतलेले होते, असे मी म्हणालो. त्यावर त्यांनी मला घरी जायला सांगितले.

आत्या ओसरीवरून सगळे ऐकत होती. तीस वर्षांत ती त्यांच्याशी चार शब्द बोललेली नाही. काल पहिल्यांदा भिंतीपलीकडून म्हणाली की, दाऊद बरोबर बोलतोय. दोघांची कारणे एकमेकांना मुळीच चालणार नाहीत. हिला ती वस्तू विटाळलेली, त्यांना ती पवित्र. पण माझ्याविरुद्ध दोघे एक आहेत. दाऊदचाचा आता माझ्या नमस्कारालाही उत्तर देत नाहीत.

रबराबद्दल गुरुजींचा निरोप आला. शास्त्रात रबर नाही.

आई काल देवघरातून उठताना भिंतीला धरून उठली. वाटी परत आणलेली तिने पाहिली. तुझ्या मायेचा भुकेला,
मार्तंड

---

नगर,
ता. २० जानेवारी १९४१

ती. रा. दादा यांस,
शोभाचा सा. न. वि. वि.

पत्र उभ्याउभ्या लिहीत आहे. एकच विचारते. आई जेवत नाही, हे तू दाऊदचाचांना सांगितलंस का? नसशील सांगितलं. तू आप्पांची इच्छा सांगितली असशील, डॉक्टरांचं मत सांगितलं असशील, आणि जे सांगायचं ते पोटात ठेवून परत आला असशील. लहानपणी तुला विंचू चावला तेव्हाही तू आधी गृहपाठ पुरा केलास.

त्यांच्या सोवळ्याला तू तुझ्या शहाणपणाने हलवू बघतोस, ते हलणार नाही. आत्याचं हललं का? तुझ्या फडक्याचं हललं का? त्यांना नुसतं खरं सांग. मग काय करायचं ते त्यांच्या त्यांना कळेल. आणि स्वतःलाही एकदा विचार, तुझ्या मनात काय आहे. रागावू नकोस, आणि रागावलास तरी पत्र पाठव.

तुझी,
शोभा

---

राहाता,
ता. २६ जानेवारी १९४१

चि. सौ. शोभा हिस,
मार्तंडचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

नव्हते सांगितले.

तू मला विचारायला सांगितलेस, म्हणून विचारले. परवा वाटी हातात घेऊन बसलो होतो. फडके नव्हते. आप्पा हसत तेव्हा डावीकडे सोन्याची तार दिसे. माझ्या ध्यानात आले की कवळी पुरू नये, बुडवू नये, कुणी घालू नये, देवळीतच राहावी, असे मला वाटत होते. आत्याला नावे ठेवत होतो, पण सर्वांत घट्ट मीच धरून बसलो होतो. याला तर नावसुद्धा नाही.

मग पलीकडे गेलो. दाऊदचाचा पिंजण लावून बसले होते. मी उभ्यानेच म्हणालो की, आईने चाळीस दिवस भाकरी खाल्लेली नाही, आप्पांचा शब्द तिच्याकडून पुरा होत नाही म्हणून. आणि मलाही आप्पांवाचून करमत नाही. हे दुसरे कसे तोंडातून गेले ते कळले नाही. त्यांच्या पत्नी मुबारकबी आतून बाहेर आल्या आणि दाऊदचाचांना म्हणाल्या की चाळीस दिवस एक बाई उपाशी आहे आणि तुम्ही दातांवर रुसून बसलात. त्यांनी पिंजण खाली ठेवली आणि टोपी घातली.

आमच्या ओसरीवर येऊन त्यांनी आईला हाक मारली. "वैनी, द्या मास्तरची अमानत. घालनार मात्र न्हाई." आईने वाटी उंबऱ्यावर ठेवली. त्यांनी कवळी दोन्ही हातांनी उचलून धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधली. आत्याने लगेच वाटी चिंचेत टाकली.

मी विचारले, आता काय करणार. म्हणाले, कब्रस्तानात कडुलिंबाखाली त्यांनी स्वतःसाठी जागा सांगून ठेवली आहे, तिथे उशाच्या बाजूला पुरणार. आप्पांची वस्तू तुमच्या कबरीत कशाला, असे मी म्हणणार होतो, पण त्यांनीच सांगितले:

"कयामतच्या दिशी समदे उठतील. मास्तर बी उठंल, आन आधी दात हुडकंल. हुडकत माझ्याकडंच यील. न्हाईतर तुमचं मास्तर कुठं, आमी कुठं. भेटायचं कसं?"

मग आई आत गेली, आणि तिथूनच मला म्हणाली, दुरडीत भाकरी आहे का बघ. अर्धी खाल्ली, थोड्या वेळाने उरलेलीही खाल्ली, आणि ठेचा तिखट नाही अशी तक्रार केली. मला फार बरे वाटले.

आत्या मात्र विचारात पडली होती. दाऊदचाचा ओट्यावरून उतरले तेव्हा तिने त्यांना थांबवले. इतक्या वर्षांत समोरून बोललेले हे पहिलेच. म्हणाली, "नरसू तुझ्या कब्रस्तानात येईल तेव्हा त्याला सांग, परत जाताना विहिरीवर आंघोळ करून मगच घरात पाऊल टाक म्हणावं."

दाऊदचाचांनी निरोप सांगण्याचे कबूल केले.

मेहुण्यांना व मुलांना आशीर्वाद. लोभ असावा, माझाही आहे, आता तो लिहूनही कळवीन.

तुझा,
मार्तंड