फरशीवर ठरलेली गोष्ट

प्रिय ठकी,

हे नाव तुझ्या बाबांनी ठेवलेलं, मी ते कधी तोंडी घेतलं नाही. आज घेतेय, कारण परवाच्या निरोपात तूही मला पहिल्यांदाच ‘तू’ म्हटलंस. पंधरा वर्षं आपण एकमेकींना ‘तुम्ही’ म्हणत आलो. तू माझ्याहून तीन वर्षांनी लहान आणि नात्याने माझी मुलगी, त्या अवघडलेपणात ‘तुम्ही’च बरं पडायचं. तू लिहिलंस की बाबांनी फोनवर सगळं सांगितलं, शुश्रूषागृहात जायचं त्यांनी स्वतःच ठरवलं, मी मनाला लावून घेऊ नये, मी त्यांच्यासाठी खूप केलं. निरोप वाचला तेव्हा मी दवाखान्यात एका बाईंच्या खांद्याला शेक देत होते. मला रडू आवरेना. त्या बिचाऱ्यांना वाटलं, त्यांचा खांदा आता कायमचा गेला.

लग्नाआधी तू मला भेटायला आलीस तो दिवस आठवतो? बाबा छप्पन्न वर्षांचे, मी एकोणतीसची. जमिनीच्या मोजणीचं त्यांचं काम, दिवसभर उन्हातान्हात पायी फिरायचे, आणि आखडलेला खांदा घेऊन माझ्याकडे व्यायाम शिकायला आले होते. माझ्या आईने तर साफ सांगितलं होतं, “माझ्या वयाचा जावई मला नको.” दोन वर्षं तिने या घराची पायरी चढली नाही. मग आली आणि दुसऱ्याच दिवशी त्या दोघांच्या गुडघेदुखीवर अशा गप्पा रंगल्या की मी चहा देण्यापुरती उरले. तू मात्र चिडली नव्हतीस. टेबलावर हात ठेवून तू शांतपणे एकच विचारलंस, “बाबा अंथरुणाला खिळले की तुम्ही थांबाल का?” मी म्हटलं, “माझं तर कामच ते आहे.” बाबा मध्येच म्हणाले, तशी वेळ आली तर मी आपणहून शुश्रूषागृहात जाईन, हिने माझी बायको म्हणून राहावं, नर्स म्हणून नाही. मी त्यांना गप्प केलं. एकोणतिसाव्या वर्षी माणूस फार मोठ्या तोंडाने बोलतो.

सुरुवातीची वर्षं खरंच सुखाची होती. जिन्यात मला धाप लागायची, ते वर पोचून किल्ली काढून उभे असायचे. दुकानदार मला ‘वडिलांना दाखवा’ म्हणायचे तेव्हा ते मुद्दाम माझा हात धरायचे. मूल मला हवं होतं, ठकी. ते म्हणाले, शाळेच्या फाटकाशी मी आजोबा दिसेन, आणि ते पोर विशीत येण्याआधीच तू दोघांना सांभाळत बसशील. हिशेबात चूक नव्हती म्हणून मी ऐकलं. अजूनही कधीतरी वाटतं, ऐकायला नको होतं. साठीनंतर ते हळूहळू म्हणू लागले, “तू जाऊन ये, मी आहे घरी.” मैत्रिणींची लग्नं, डोंगरावरच्या सहली, नाटकं, सगळीकडे मी एकटीच जाऊ लागले. परत आले की ते उत्साहाने सगळं विचारायचे, आणि मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही.

त्यांच्या दर वाढदिवसाला आम्ही एक गंमत करायचो. माझ्या कामातली ती साधी चाचणी आहे. हात नसलेल्या खुर्चीत बसायचं, हात छातीवर बांधायचे आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. साठाव्या वर्षी त्यांचे पंधरा झाले, अडुसष्टाव्या वर्षीही तेरा. मी दवाखान्यात सगळ्यांना फुशारकीने सांगायचे. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी नंतर सांगितलं, वाढदिवसाच्या आधी महिना-महिना, मी कामावर गेले की वर खुर्ची वाजायची. ते माझ्या परीक्षेची तयारी करत होते. एवढं एकच जमत राहिलं. वळताना भिंतीला हात लागायचा, मोजे बसूनच चढायचे, चप्पल घासत चालायचे. कुठलाही पेशंट असा चालत आला असता तर मी त्याचा तोल आधी तपासला असता. घरी मी आकडा बघितला आणि खूश झाले, कारण मला बाकीचं बघायचंच नव्हतं.

मग जिन्याच्या वळणावर ते पडले. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि तिथेच झटका येऊन डावी बाजू लुळी पडली. पुढचे सोळा महिने तू फोनवर ऐकलेस, पण फोनवर मी सगळं सांगत नव्हते. दिवसा बाई यायची, संध्याकाळपासून सकाळपर्यंत मी. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचांखाली उशी, पाठीवर कुठे लाल डाग तर नाही ना ते दाबून बघायचं. ठसका लागू नये म्हणून पाणी पावडरीने घट्ट करून चमच्याने द्यायचं. कमरेला पट्टा बांधून पलंगावरून खुर्चीत. नातेवाइकांना मी रोज शिकवते, एकट्याने उचलू नका, आपली पाठ जाईल. घरी रोज एकटीच उचलत होते. पाठीची चकती सरकली तेव्हा डॉक्टरने माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. रात्रीसाठीही दुसरी बाई ठेवू, असं तू म्हणालीस, मीच नको म्हटलं. टेबलाशी दिलेला शब्द होता, आणि तुला तो मोडलेला दिसायला नको होता.

दोन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात त्यांचे गुडघे वाकले. मी शिकवते तसं त्यांना पोटाशी धरून अलगद खाली बसवलं आणि स्वतःही खाली बसले, पण मला उठता येईना. चाळीस मिनिटं आम्ही ओल्या फरशीवर होतो. शिंपीणबाई आमच्या हाका ऐकून वर येईपर्यंत बाबा मला गमती सांगत होते, मोजणीला गेले असताना कुत्रा मागे लागला ती गोष्टसुद्धा. एवढं त्यांनी तुला सांगितलंय.

त्या चाळीस मिनिटांतलं एक त्यांनी तुला सांगितलं नाही, आणि त्यासाठीच मी हे लिहितेय. पूर्वी ते आपणहून जाईन म्हणायचे ते खरं, पण दुखण्यात त्यांचं मन बदललं होतं. त्याच्या आदल्या महिन्यात चांगल्या हाताने माझं मनगट धरून ते म्हणाले होते, “मला कुठे पाठवू नकोस, मला इथेच राहू दे.” मी हो म्हटलं होतं. फरशीवर, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर असताना, मी म्हटलं, “मला आता नाही जमत. तुम्ही जा.” ते म्हणाले, “बरं. ठकीला मी सांगतो, माझीच इच्छा आहे म्हणून.” त्यांनी तसंच सांगितलं, आणि त्या खोट्यावर तू मला जवळ केलंस. ते मला ठेवून घेता येत नाही. त्यांना जायचं नव्हतं, ठकी. मी पाठवलं.

तुझीच,
बाबांची बायको