वाक्य पुरं होईपर्यंत

ता. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला शर्ट पोचला. बाह्या अगदी मापात आहेत. तुझ्या दुकानात गिऱ्हाइकांची रांग असताना माझ्यासाठी मशीनवर बसलीस, म्हणून आधी आभार आणि मग लगेच तक्रार: शर्ट इतका चांगला झालाय की कुठे घालायचा हा प्रश्न होता. तो आता सुटला.

चष्मेवालीने घरी माझ्याबद्दल सांगितलं. दोन वर्षं आम्ही एकत्र हिंडतो आहोत, त्यामुळे कधीतरी हे व्हायचंच होतं. बावीस तारखेला, रविवारी, तिच्या आईबाबांनी मला जेवायला बोलावलंय.

ताई, बाराव्या मजल्यावर बंद पडलेल्या लिफ्टच्या छतावर मी निवांत उभा राहतो, पण या जेवणाची धास्ती घेतलीय. तिची आई नर्स आहे, ते ठीक. बाबा मात्र पस्तीस वर्षं शाळेत वक्तृत्व शिकवायचे. मुलांनी जिंकलेले कप घरात कपाटभर आहेत म्हणे. आणि मी स्वतःचं नाव सांगतानाच पहिल्या अक्षरावर अडकतो. दुसरा कुठलाही शब्द अडला तर त्याच्या जागी वेगळा घालता येतो, नावाच्या जागी काय घालणार?

म्हणून अकरा ओळींचा परिचय लिहून पाठ करतोय. अडणारी अक्षरं वगळली. त्यामुळे ‘लिफ्ट दुरुस्त करतो’चं ‘उंच इमारतींशी संबंधित काम’ झालंय. चष्मेवाली म्हणाली की हे ऐकून बाबांना वाटेल, मी गच्च्यांवरून उड्या मारतो.

तू येशील का त्या दिवशी? शेजारी नुसती बसलीस तरी पुरे. मी अडलो की सांभाळून घे.

भाचीला गालगुच्चा. माया अशीच असू दे.
तुझा,
पान्हा


ता. ८ मार्च

चि. पान्ह्यास,
अनेक आशीर्वाद.

मी येणार नाही. रागावू नकोस, पुढचं वाच.

लहानपणी दुकानात तू काउंटरपाशी उभा राहायचास आणि तुझ्या तोंडून शब्द निघायच्या आत मी वही, पेन्सिल, खोडरबर मागून मोकळी व्हायचे. शाळेत आपल्या दोन्ही इयत्ता एकाच खोलीत बसायच्या, तिथेही बाई प्रश्न तुला विचारायच्या, उत्तर मी द्यायचे. मला वाटायचं, मी केवढी गुणाची बहीण. एकदा तुला निळी वही हवी होती आणि मी लाल घेतली, तर तू ती वर्षभर मुकाट्याने वापरलीस. हे मला अलीकडे आठवलं आणि दिवसभर शिवणीत लक्ष लागेना. तेव्हा आता तुझ्या वतीने मी बोलायची नाही.

ते अकरा ओळींचं पाठांतर फेकून दे. पाठ केलं की एक शब्द अडला तरी सगळी गाडी रुळावरून घसरते, हे तूच मला सांगितलं होतंस. त्यापेक्षा चष्मेवालीला आधी घरी सांगू दे. दारात नको, चार दिवस आधी. रडकथा नको, अगदी साधं: तो बोलताना अडतो, त्याला शब्द माहीत असतो, त्याच्याकडे बघत थांबा, वाक्य तुम्ही पुरं करू नका. माणसांना काय करायचं ते कळलं की ती घाबरत नाहीत.

तिलाही नीट विचारून घे. घरच्यांना काय काय माहीत आहे? काका-काकू म्हणायचं की सर? कुठला विषय दुखरा आहे? लग्नाच्या तारखेबद्दल विचारलं तर दोघांनी एकच सांगायचं, आणि जे ठरलं नाही ते ठरलंय म्हणायचं नाही.

वेळेवर जा. फार आधी गेलास तर काकूंचे केस ओले असतील. हातात काहीतरी ने, पण महाग नको, नाहीतर त्यांना अवघडल्यासारखं होतं. स्वयंपाकघरात मदत विचारायची, दोनदा. तिसऱ्यांदा विचारलंस तर लुडबुड. जेवल्यावर आपलं ताट आपण उचल. तिची थट्टा त्यांच्यासमोर करू नकोस. ते करतील तेव्हा हस, पण बेताने. आणि तुझ्याबद्दल बोलायच्या चिंतेत त्यांच्याबद्दल विचारायला विसरू नकोस. निघायचं कधी ते तिच्या नजरेवर सोड.

मोजे तपास. तुझ्या अंगठ्यांचा मला भरवसा नाही.

कळव सगळं. आठवण ठेवून आहे, तूही ठेव.
ताई


ता. २४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जाऊन आलो. जिवंत आहे.

चष्मेवालीने बुधवारीच घरी सांगितलं होतं. मी नासपती घेऊन ठरल्या वेळी बेल वाजवली. दार काकांनी उघडलं आणि मी नाव सांगायला लागलो. ताई, अडलं. नेहमीपेक्षा जास्त. दुसरं काही बोलून वेळ मारून नेता आली असती, पण मी त्याच अक्षरावर उभा राहिलो. काका माझ्याकडे बघत होते. त्यांचे ओठ हलायला लागले, मुलांना विंगेतून शब्द पुरवायची सवय असणार. मागून काकूंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. शेवटी नाव आलं. काका म्हणाले की आत या, आणि त्यांनाच जास्त घाम आला होता.

काकूंचं मात्र वेगळंच. दुसऱ्याचं मनगट धरणाऱ्या बाईला स्वतःचा धीर धरवेना. मी ‘आणखी’ म्हणून थांबलो की त्या लगेच वाढायच्या. मला विचारायचं होतं, आणखी किती वर्षं नोकरी आहे. तीन वेळा ताट भरलं. चष्मेवाली खाली मान घालून हसत होती. चौथ्या वेळी मी हात ताटावर ठेवला आणि म्हणालो की काकू, मी उशिरा पोचतो, पण पोचतो; वाक्य माझं मला पुरं करू द्या. मला वाटलं, संपलं सगळं. काकू लाल झाल्या, पळी खाली ठेवली, आणि म्हणाल्या की आम्ही दोघांनी चार दिवस चहा पिताना गप्प बसायचा सराव केला होता, तरी नापास झालो. मग सगळेच हसलो.

त्यानंतर सोपं गेलं. त्यांच्या रात्रपाळ्यांबद्दल विचारलं, त्या भरभरून बोलल्या. तारखेचा प्रश्न आलाच. आम्ही दोघांनी सांगितलं की घर भाड्याने मिळाल्यावर ठरवू. ताट उचललं. मदत दोनदाच विचारली.

पण खरं सांगायचं ते पुढे आहे. निघताना काका सोडायला खाली आले. त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या वळणावर ते थांबले आणि विचारलं की शब्द अडतो तेव्हा आत नक्की काय होतं. ताई, आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. सगळे उपाय सांगतात. मी सांगायला लागलो, की शब्द समोर दिसत असतो, फक्त जागचा हलत नाही, आणि समोरच्याचा चेहरा बदलला की आणखी रुतून बसतो. एवढं सांगायला तीन मजले लागले. काका प्रत्येक वळणावर माझ्यासाठी उभे राहिले.

तळाशी आल्यावर म्हणाले की त्यांच्याही वर्गात अशी मुलं होती, आणि त्यांनी त्या मुलांना दर वर्षी स्पर्धेत नुसतं टाळ्या वाजवायला बसवलं. त्यांतल्या प्रत्येकाची जागा आठवते, पण एकाचाही आवाज आठवत नाही.

मग त्यांनी मला विचारलं की पुढच्या रविवारी येशील का. मी ‘हो’ म्हणायला जरा वेळ घेतला. या वेळी त्यांचे ओठ हलले नाहीत.

तब्येत सांभाळ. जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझाच धाकटा