बावीस गुणांचा मित्र

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस का, की वॉर्डात पेशंटना दटावून आलीस की तुझा व्यायाम झाला? काकांच्या खोकल्याचं काय झालं? मी इकडे धडधाकट आहे. (वजन अडीच किलो वाढलंय, पण ते खोलीतल्या आरशावरून सांगतोय, वजनकाटा गाठायला वेळ कुणाला आहे?) पत्र का लिहितोय, फोन का नाही, असं तू विचारशील. कारण ज्याच्याबद्दल बोलायचंय तो इसम याच खोलीत, माझ्यापासून चार फुटांवर, पाठ करून बसलेला असतो. होय, कंपासबद्दलच. तोच तुझा लाडका. सुट्टीत तुझ्याकडे आला तेव्हा स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवलं म्हणून तू वर्षभर मला ऐकवलंस, तोच. आता ऐक त्याचे प्रताप.

यंदा आम्हाला चौघांचा मिळून एक प्रकल्प आहे. कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या बस थांब्यावर सकाळी आठ ते दहा किती माणसं चढतात, किती वेळ ताटकळतात, आणि बसच्या वेळा बदलल्या तर किती फरक पडेल, हे शोधायचं. गटात मी, कंपास, मॉनिटर आणि मौनी. मॉनिटर ही मुलगी शाळेत खरोखर मॉनिटर होती आणि अजून त्या पदावरून उतरलेली नाही. पहिल्याच आठवड्यात तिने कागद काढला, कोण काय करणार ते तारखांसकट लिहिलं आणि चौघांच्या सह्या घेतल्या. मौनी हा मुलगा दिवसाला साधारण नऊ शब्द बोलतो, त्यातले चार 'हो' असतात. नकाशे तो काढतो. कंपास सगळे आकडे संगणकात भरून हिशेब करतो. आणि माझ्याकडे दहा दिवस थांब्यावर उभं राहून माणसं मोजायचं काम आलं, कारण बैठकीच्या दिवशी मी उशिरा पोचलो आणि तेवढंच उरलं होतं. सही मात्र मी केली. वाचून केली असं म्हणत नाही.

पहिले तीन दिवस, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, मी गेलो. पावणेआठला, वही आणि पेन घेऊन, उभा. एक बाई रोज विचारायची की मी तिकीट तपासनीस आहे का. चौथ्या दिवशी रविवार होता आणि मला जाग आली साडेअकराला. आता मावशी, तीन दिवसांचे आकडे समोर असताना माणसाला अंदाज बांधता येत नाही का? मी बांधला. रविवार ते पुढचा शनिवार असे सात दिवस, गादीवर बसून, कधी दोन माणसं वाढवली, कधी तीन कमी केली, बुधवारी पाऊस पडल्याचं दाखवून गर्दी वाढवली. चाळीस मिनिटं लागली. याला कल्पनाशक्ती लागते, पण त्याचं कौतुक आमच्या गटात कुणाला नाही.

सापडलो कसा, ते ऐकून तुझा संताप होईल. (माझ्यावर नको होऊ दे, प्रसंगावर होऊ दे.) बसच्या वेळापत्रकाचं पुस्तक डेपोतून हवं होतं. मॉनिटर कॉलेजच्या शिक्क्याचं पत्र घेऊन दोनदा गेली, दोनदा हात हलवत परत आली. मग मी गेलो. तिथल्या कंट्रोलर काकांचा खांदा दुखत होता, त्या खांद्याची सुरुवातीपासूनची हकिगत मी दीड तास ऐकली, तू मागे सांगितलेला गरम पाण्याच्या पिशवीचा उपाय सांगितला, आणि पुस्तक घेऊन आलो. केवढी मोठी कामगिरी! आणि कंपासने काय करावं? ते पुस्तक माझ्या वहीशेजारी ठेवावं! पुस्तकात लिहिलं होतं की आठ वीसची बस रविवारी सुटतच नाही. माझ्या वहीत त्या बसमध्ये रविवारी एकेचाळीस माणसं चढली होती. म्हणजे मीच मिळवलेल्या पुस्तकाने मलाच तोंडघशी पाडलं. त्याने तेव्हा फक्त विचारलं, "रविवारी तू गेला होतास?" मी म्हटलं, साधारण. तो हं म्हणाला आणि वही मिटली. मला वाटलं, मिटलं. मित्र आहे, सांभाळून घेतलं.

कसलं सांभाळतोय! चार दिवसांपूर्वी प्रकल्पाच्या मॅडमनी फॉर्म वाटले. प्रत्येकाने आपल्या तिघा सोबत्यांची कामगिरी मोजायची. शंभर गुण घ्यायचे आणि तिघांत वाटायचे, स्वतःला शून्य. (ही अट ज्याने घातली तो आयुष्यात कधी गटात नसावा.) प्रत्येकाच्या नावापुढे कारण लिहायचं, आणि ते कसं, तर त्याने काय केलं आणि काय केलं नाही एवढंच, दिवस-तारखेसकट. आळशी, बेजबाबदार, चांगल्या स्वभावाचा असले शब्द चालणार नाहीत. मग तिघांनी तुला दिलेल्या गुणांची बेरीज करायची. शंभर भरले तर गटाचे मार्क जसेच्या तसे तुझे. कमी भरले तर तेवढ्याच प्रमाणात तुझे मार्क कमी. फॉर्म फक्त मॅडम बघणार. वरती 'फेरी पहिली' वगैरे काहीबाही छापलेलं होतं, मॅडमना छापायची हौसच आहे.

मी लगेच कंपासला सांगितलं, आपण चौघं एकमेकांना सारखेच गुण देऊ, तेहतीस, तेहतीस आणि एकाला चौतीस. (तो चौतीसवाला मी असावा असं सुचवलं, पण हट्ट धरला नाही.) मैत्री कशाला असते? त्यावर याने काय केलं माहितीये? आपला भरलेला फॉर्म माझ्यासमोर ठेवला. बघायला कुणी सांगितलं नव्हतं, दाखवायची सक्ती नव्हती, गुपचूप देऊन टाकला असता तर मला जन्मात कळलं नसतं. पण नाही! मौनी चाळीस, मॉनिटर अडतीस, मी बावीस. बावीस! सहा वर्षांची मैत्री, एकाच बाकावर, एकाच खोलीत, त्याच्या टायफॉइडमध्ये मी दोन आठवडे त्याच्या वह्या लिहिल्या, आणि बावीस!

आणि कारण वाच. मला पाठ झालंय. 'ठरलेल्या दहा दिवसांपैकी तीन दिवस मोजणी केली, ती अचूक आहे. उरलेल्या सात दिवसांचे आकडे थांब्यावर जाऊन घेतलेले नाहीत. ते मौनीने पुढच्या आठवड्यात पुन्हा घेतले. वेळापत्रकाचं पुस्तक याने एकट्याने मिळवलं, ते आमच्यापैकी कुणालाही जमलं नसतं.' एक शब्द वाकडा नाही. भांडायला जागाच ठेवली नाही मेल्याने! मौनी सात सकाळी तिथे जाऊन उभा राहिला हे मला या कागदावरून कळलं. तो बोलला का नाही? नऊ शब्दांत बसलं नसतं का हे?

मी आरडाओरडा केला. शेजारच्या खोलीतले दोघं दार उघडून बघून गेले. मी म्हटलं, तू मित्र नाहीस, तू तराजू आहेस. मी म्हटलं, मागच्या वर्षी गटांना पन्नासपैकी छत्तीसच्या आसपास मिळाले, सगळ्यांनी मला बावीसच दिले तर बेरीज सहासष्ट, म्हणजे मला पावणेचोवीस, आणि पास व्हायला पंचवीस लागतात. मी नापास होणार, पुढच्या वर्षी लहान पोरांच्या गटात बसणार, आणि तू खुशाल पुढे जाणार. तो मधे मधे "अरे, पण ही तर" असं काहीतरी तीनदा म्हणाला, मी ऐकून घेतलं नाही. शेवटी म्हणालो, अकरा वाढवायला तुझ्या बापाचं काय जातं? तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "माझ्या बापाचं नाही, मौनीचं जातं. शंभरच आहेत. तू सांग, त्याच्यातले किती काढू?"

मावशी, मी मौनीच्या सात सकाळी बोटांवर मोजल्या. म्हणून मी जास्तच चिडलो.

पण खरा कहर फॉर्मच्या शेवटच्या ओळीत आहे. प्रश्न असा की या सोबत्याबरोबर पुन्हा काम कराल का. मॉनिटरपुढे 'हो'. मौनीपुढे 'हो'. आणि माझ्यापुढेही 'हो'. हे वाचून मला एवढा राग आला की मी बाहेर जाऊन जिन्यावर बसलो. बावीस द्यायचे तर सरळ 'नाही' लिही की! निदान माणसाला मोकळेपणी शत्रुत्व तरी धरता येईल. आता मी काय करू? तीन दिवस आम्ही बोलत नाही. म्हणजे मी बोलत नाही. तो रोज माझा टॉवेल वाळत घालतो.

तूच सांग, हा अन्याय नाही का? (विचार करून सांग. ताटाचा विषय काढू नकोस.)

काकांना नमस्कार.

तुझा,
रागावलेला भाचा

ता. क. : माझाही फॉर्म उद्या पाचपर्यंत द्यायचाय. सूड म्हणून कंपासला पाच दिले. मग उरलेले पंच्याण्णव मॉनिटर आणि मौनीला वाटावे लागले आणि कारणाच्या रकान्यात कंपासने काय केलं नाही ते तारखेसकट लिहायला बसलो. पाऊण तास बसलो. तारीख सापडली नाही. खोडून मौनीला छत्तीस, मॉनिटरला तेहतीस आणि त्याला एकतीस दिले. त्याच्या कारणात लिहिलंय की सगळे आकडे त्याने भरले, चूक पकडली, आणि फॉर्म देण्याआधी मला दाखवला.

ता. क. दुसरा : फॉर्म उलटल्यावर मागे बारीक अक्षरात एक सूचना दिसली. पहिली फेरी सरावाची आहे. हिचे मार्क धरणार नाहीत. एकमेकांशी बोलून काम सुधारता यावं म्हणून ती प्रकल्पाच्या मध्यावर घेतात, खरी फेरी पाच आठवड्यांनी. तो तीनदा हेच सांगत होता. वरचं पत्र फाडणार होतो, पण चार पानं झाली आहेत आणि राग खरा होता.

ता. क. तिसरा आणि महत्त्वाचा : रस्त्यापलीकडच्या थांब्याची मोजणी बाकी आहे. दहा दिवस. ती मी मागून घेतली, सही केली, या वेळी वाचून. तुझी सकाळची ड्यूटी असते, तू पाचला उठतेसच. तर येत्या सोमवारपासून दहा दिवस, रविवार धरून, मला साडेसहाला फोन करून उठवशील का? मी उचलेपर्यंत ठेवू नकोस. कंपासला सांगितलं तर तो उठवेल, पण मग त्याला वाटेल मी सुधारलो. यातलं एक अक्षर त्याला कळता कामा नये. पत्र संपवतो, कारण तो चप्पल घालून दारात उभा आहे आणि हे पेटीत टाकायला तोच चाललाय.