पाच मुठींवरचा ध्रुव

३ फेब्रुवारी
माणूस गेला आणि खुर्ची छतावर ठेवून गेला! लोखंडी, जड. सतरा दिवस झाले. आता ती उतरवायची कोणी? जन्मभर ह्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली, पण स्वतः कधी जेवायला वेळेवर खाली आले असतील तर शपथ.

ही वही त्यांच्याच दुकानातली. कोरी होती. चौथी शिकलेल्या बाईला पुरे.

५ फेब्रुवारी
नातीला — आमच्या टिकलीला — खुर्चीच्या उशीखाली कागद सापडला. मोठं वर्तुळ, आत ठिपके. कुठे ध्रु, कुठे व्या, कुठे रो. कडेला ‘फेब्रुवारी, रात्री ९’. ठिपके वेडेवाकडे — हात थरथरायचा ना शेवटी शेवटी.

“आजी, आजोबांनी आकाश काढलंय!”

“मग ने आणि लाव परत वर.”

लेक म्हणाली, आई, पोरीशी तरी सरळ बोल.

७ फेब्रुवारी
पोरगी हट्टी. माझ्यावर गेली. मोठा ठिपका म्हणजे ठळक तारा, बारीक म्हणजे अंधूक, हे तिने पहिल्या दिवशीच ओळखलं. पण पूर्व डावीकडे लिहिलेली! मी म्हटलं, म्हातारा चुकला. ती हसली. “आजी, हा टेबलावर ठेवून बघायचा नकाशा नाही. डोक्यावर धरायचा.” उताणी झोपली, कागद वर धरला — पूर्व बरोबर पूर्वेला!

चाळीस वर्षं संसार केला. मला कधी असं उलटं धरून काही दाखवलं नाही ह्यांनी. मी तरी कुठे विचारलं!

९ फेब्रुवारी
नऊ वाजता वर गेलो. लेकीने विजेरीला लाल कागद बांधून दिला, डोळे दिपू नयेत म्हणून. चंद्र नव्हता. मी खुर्चीत. बसले एकदाची.

मृगाचे तीन तारे सापडले. त्यांच्या रेघेत खाली व्याध, वर रोहिणी, त्यापुढे कृत्तिकांचा पुंजका. सगळं होतं, पण जागेवर नव्हतं. कागदावर मृग दक्षिणेला अर्ध्यावर, इथे जवळजवळ डोक्यावर. कागदावर सप्तर्षी पूर्ण उगवलेले, इथे शेपूट अजून टाकीमागे. आणि खाली दक्षिणेला एक ठळक तारा, अगस्त्य. तो कागदावर नाहीच!

“विसरले असतील,” मी म्हटलं.

“आजोबा? व्याधाच्या खालोखाल तेजस्वी तारा विसरतील?”

मग तिने कागदावर ध्रुवाखाली काढलेल्या पाच रेघा दाखवल्या. हात लांब करून क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत गेली. एक, दोन — दोन पुऱ्या व्हायच्या आधीच ध्रुव! माझी मूठ मोठी, मी मोजलं. तेवढंच. “तुझा हातही लांब आहे ना आजी. मूठ कोणाचीही चालते.”

पोरीने परत कागदाकडे बघितलं. मग म्हणाली, “जितकं उत्तरेला जावं तितका ध्रुव वर चढतो. पाच मुठी म्हणजे खूप लांब. तिथून अगस्त्य उगवतच नाही. आजी, हे आकाश इथलं नाहीच. आजोबांनी माझा नकाशासंग्रह मागून नेला होता! आपलं कोणी राहतं का तिकडे?”

मी म्हटलं, कोणी नाही. चल खाली, थंडी आहे.

१० फेब्रुवारी
आहे. तिचा मामा आहे. ती तीन वर्षांची होती तेव्हा गेला. ह्यांचा हात थरथरू लागला, त्याच वर्षी दुकान टाकून तिकडे परदेशात गेला, गावाचं नाव तेवढं ह्यांना सांगून. मी म्हटलं होतं — या घरात त्याचं नाव निघायचं नाही! ह्यांनी मान डोलावली. नाव नाहीच काढलं. रोज नऊ वाजता वर जाऊन त्याच्या डोक्यावरचं आकाश बघत बसले. मनातल्या मनात.

हे गेले त्या दिवशी लेकीने विचारलं होतं, “आणि त्याला कळवायचं?” मी म्हटलं, कोण तो?

११ फेब्रुवारी
पेटीच्या तळातून तीन पाकिटं काढली. ह्यांच्या नावची. आली तेव्हा मीच घेतली होती, दिली नाहीत. फोडलीही नाहीत.

आज फोडली. अक्षर त्याचंच, किरटं. “बाबा, इथे ध्रुव पाच मुठी वर आहे, मोजला. अगस्त्य दिसत नाही. तेवढा एक तुमच्याकडे राहिला. तुम्ही लिहीपर्यंत मी लिहीत राहीन.”

तीनच वेळा लिहिलं.

हे इथे बसून, ते आकाश न बघता पाच रेघा काढतात, तो तिकडे उभा राहून पाच मुठी मोजतो. मधे मी. पेटीचं कुलूप.

१२ फेब्रुवारी
तिसऱ्या पत्रात फोन नंबर होता. टिकलीला मामाचं सांगितलं, तिनेच लावला. कोणी उचलला नाही, मग तिने निरोप ठेवला — मामा, मी तुझी भाची, घरी फोन कर. एवढंच सांगितलं. बाकीचं मी सांगू दिलं नाही.

तो आधी म्हणणार, बाबांना दे.

घरात सगळ्यांना बजावलंय — घंटा वाजली की कोणी हात लावायचा नाही. मीच उचलणार.