परवानगीच्या कागदावर दोन सह्या

कोथरूड, ११ जून २००९

प्रिय नीरजा,

तुझं पत्र आणि सोबतचा छापील कागद मिळाला. दोन वर्षांची उमेदवारी संपली, आषाढी पौर्णिमेच्या आत तू भिक्षुणी होणार, त्यासाठी आईवडिलांची लेखी परवानगी हवी. चौतिसाव्या वर्षी, हडपसरची चांगली नोकरी सोडून श्रीलंकेत जाताना कुणाला विचारलं होतंस? तेव्हा नुसता फोन केला होतास, तोही विमानतळावरून. खालच्या मजल्यावरच्या मुक्ताबाईंनी परवा जिन्यात गाठून विचारलं, नीरजाची कंपनी कोणती म्हणायची? मी म्हटलं, अडीच हजार वर्षं जुनी आहे, पगार देत नाही. तेव्हापासून त्या लिफ्टने जातात.

बत्तीस वर्षं मी इतिहास शिकवला. फळ्यावर नकाशा काढायचा आणि मगधातून तांबड्या खडूचे बाण सोडायचे: एक लंकेकडे, एक गांधारातून चीनकडे. भिक्षू आठ महिने फिरत, पावसाचे चार महिने एका जागी राहत. पैशाला हात लावायचा नाही, मिळेल ती भिक्षा खायची, म्हणून व्यापाऱ्यांच्या तांड्यांसोबत चालणं सोयीचं. तांड्यांनाही घाटात निवारा आणि भली सोबत मिळे. कार्ल्याच्या चैत्यगृहात तुला खांबांवरची नावं दाखवली होती ना, धेनुकाकटाच्या यवनांची, म्हणजे ग्रीक व्यापाऱ्यांची? खांब त्यांनी दिले. पावसाळ्यात तिथे राहणाऱ्या भिक्षूंच्या पोटासाठी राजांनी गाव तोडून दिलं. प्रसाराची कारणे लिहा, गुण पाच. व्यापारी, राजे, घाटवाटा, लोकभाषा, समता. मूल देणारी आई त्या पाचांत नव्हती, आणि उत्तर मीच लिहून दिलेलं होतं.

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या आयरिश सिस्टर्सचाही आता विचार येतो. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, त्यांच्या छड्या खाल्ल्या. त्यांच्याही आया कुठेतरी टपालाची वाट बघत असतील, हे एकदाही मनात आलं नाही.

तू लिहिलंस, तुझी दीक्षा म्हणजे तुटलेली साखळी जोडणं आहे. ही साखळी मला शिकवू नकोस. लंकेच्या राणीला संघात यायचं होतं, पण तिथे गेलेल्या अशोकाच्या मुलाला, भिक्षू महेंद्राला, एकट्याने तिला दीक्षा देता येईना, त्यासाठी भिक्षुणींचाही संघ लागतो. म्हणून अशोकाने मुलगी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी देऊन जहाजात बसवली. पुढे लंकेतल्या भिक्षुणी व्यापारी जहाजाने चीनला गेल्या. दीक्षा द्यायला दहा भिक्षुणी लागतात, पहिल्या खेपेला तेवढ्या भरल्या नाहीत, म्हणून तोच नावाडी आणखी घेऊन आला. मग चोळांच्या स्वाऱ्यांनंतर लंकेतला भिक्षुणीसंघ संपला, आणि हजारेक वर्षांनी, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली, त्याच चिनी परंपरेच्या भिक्षुणींनी बोधगयेत लंकेच्या बायकांना दीक्षा दिली. सगळं मान्य. पण त्या दहांत माझीच मुलगी का, याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

परवानगीचा नियम कुणामुळे आला, हेही मला ठाऊक आहे. शुद्धोदनाचा एक मुलगा, बुद्ध, घर सोडून गेला, मग दुसरा संघात गेला, मग सात वर्षांचा नातू राहुल. तेव्हा म्हाताऱ्याने मागितलं, निदान इथून पुढे आईबापांना विचारत जा. राजा होता, पण स्वतःच्या घरातलं एकही माणूस त्याला परत मिळालं नाही. पुढच्यांसाठी नियम तेवढा मिळाला. त्याच्यापुढे माझी काय कथा.

बाबांचं तुला फोनवर अर्धंच सांगितलं. ते आता मला बाई म्हणतात आणि शाळा कधी सुटली विचारतात. काल तुझा कागद त्यांच्यासमोर ठेवला. सांगायचं ठरवलं होतं, अगदी शब्द जुळवून. त्यांनी चष्मा लावला, तुझं नाव वाचलं आणि म्हणाले, "सहल आहे वाटतं. कार्ल्याला?"

मी पेन पुढे केलं.

त्यांनी पूर्वीच्याच वळणाने सही केली, शरच्चंद्र. खाली आपणहून लिहिलं, डबा दिला आहे. मग मला म्हणाले, "बाई, गाडीत खिडकीशी बसवा, तिला गाडी लागते."

जन्मभर मुलींच्या वह्यांतल्या चुका तांबड्या शाईने सुधारल्या, ही मात्र सुधारली नाही. खाली माझी सही केली. त्यांची सही खरी धरायची की नाही, ते तुझ्या संघाने ठरवावं. मी काय घडलं ते लिहिलं आहे. माझी सही मात्र पूर्ण शुद्धीत केलेली आहे.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंत बाबा कुणालाच ओळखणार नाहीत. तोवरचा बहुतेक काळ तुझा वर्षावास चालू असेल, विहार सोडता येणार नाही, म्हणून मी विनयाचे नियम काढून वाचले. आई किंवा वडील आजारी असतील तर पावसातही सात दिवस जाता येतं. इतर बहुतेक कामांसाठी निरोप यावा लागतो, आईवडिलांसाठी तो आला नसला तरी चालतं. तेव्हा मी तुला बोलावत नाहीये. फक्त नियम कळवते आहे.

तुझीच,
आई