बाबांचा न धुतलेला शर्ट

दादा,

‘प्रिय’ लिहिलं नाही, कारण तसं वाटत नाही.

बाबा कारखान्यात कोसळले तेव्हा अंगात असलेला शर्ट मी कुणाला धुऊ दिला नव्हता. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा दाबून काढून, तोंड घट्ट बांधलं होतं. हवा लागली की वास उडतो. आठवड्यातून एकदाच पिशवी उघडून कॉलरपाशी तीनदा हुंगायचो. त्यापुढे नाकाला सवय होते आणि काहीच कळत नाही. मशीनच्या तेलाचा वास महिन्यातच विरला. मानेच्या घामाचा तेवढा टिकला होता.

तू त्यांना शेवटचं बघायलाही आला नाहीस. दोन महिन्यांनी उगवलास आणि मी शाळेत असताना तोच शर्ट चढवून, भर उन्हात चालत, त्यांच्या कारखान्यात मिरवून आलास. मी ओरडलो, तर म्हणालास, “अरे, माझेही बाबा होते ते.”

मग तेव्हा कुठे मेला होतास? हे तोंडावर विचारायचं राहून गेलं.

तू गेल्यावर आई म्हणाली, “दादाच्या अंगाला ह्यांच्यासारखाच वास येतो.” मी म्हटलं, साफ खोटं. काल पिशवी उघडली. कॉलरवर तुझा घाम वाळला होता. पहिल्या श्वासाला मला वाटलं, बाबाच. दुसऱ्यालाही तेच वाटलं आणि मला रडू फुटलं. आता त्यात बाबा किती आणि तू किती, हे मला कधीच कळणार नाही. त्याची तुला माफी नाही.

हे पत्र टाकणार नाही. टाकलं, तर तू ते आईला वाचून दाखवशील.

नाइलाजाने तुझा,
धाकटा भाऊ